मुलांच्या फोनचं वेळापत्रक: कुलूप कुठे बसतं, कुठून सुटतं

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा, असं गावाने ठरवलं. करोनाच्या काळात शाळा मोबाइलमध्ये शिरली होती. वर्ग पुन्हा भरले तरी मुलांच्या हातून फोन काही सुटेना, हे त्यामागचं कारण. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून नियम पाळला जातोय का, ते पाहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने आणखी कडक पाऊल उचललं आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला.

शहरातल्या घरांना भोंगा नाही. तिथे हेच काम फोनमधल्या सोयींवर सोपवलं जातं: रात्री अमुक वाजता टॅब आपोआप बंद व्हावा, दिवसाला अमुक इतकाच वेळ मिळावा, नको ती संकेतस्थळं उघडूच नयेत. या सोयी फुकट आहेत आणि बहुतेक फोनमध्ये आधीपासून असतात. तरीही पालकांचा अनुभव असा की पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं आणि मग एके रात्री साडेअकराला पांघरुणाखाली उजेड दिसतो. ‘मुलं आपल्यापेक्षा हुशार’ म्हणून विषय तिथेच सोडला जातो. खरं तर बहुतेक वेळा मुलाने काही तोडलेलं नसतं. कुलूप भलत्याच दाराला लावलेलं असतं.

हा धडा दोन सरकारांनी मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुलांनी आईवडिलांचे ओळख क्रमांक वापरून खाती उघडली. शिवाय खेळ संगणकावरून मोबाइलवर गेले, आणि कायद्याची पकड मुख्यतः संगणकावरच्या खेळांवर होती. २०२१ मध्ये सरकारने तो कायदा मागे घ्यायचं जाहीर केलं. चीनने त्याच वर्षी उलटी वाट धरली. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास अल्पवयीन मुलांना ऑनलाइन खेळायची मुभा राहिली. तिथे मुलं आधीपासूनच आजी-आजोबांची खाती हाताशी धरत होती. म्हणून टेन्सेंट या कंपनीने मोठ्यांच्या नावावरून रात्री उशिरा खेळणाऱ्यांचा चेहरा कॅमेऱ्याने तपासायला सुरुवात केली. दोन्हीकडे वेळापत्रक काटेकोर होतं. गळती झाली ती खातं कोणाच्या नावावर आणि कोणत्या वयाचं आहे, या ठिकाणी. आपल्या घरातही पहिली गळती तिथेच असते.

एक घर समोर ठेवून पाहू. समजा नाशिकमधलं एक कुटुंब आहे. अकरा वर्षांच्या मुलीकडे आईचा जुना अँड्रॉइड फोन आणि एक टॅब आहे. घरात ब्रॉडबँडचं वायफाय आहे. ठरलं असं की शाळेच्या दिवशी दीड तास आणि रात्री नऊ ते सकाळी साडेसहा सगळं बंद.

जुना फोन मुलीला देताना आईने फोटो आणि मेसेज पुसले, पण तिचं गूगल खातं तसंच राहिलं. त्यामुळे गूगलच्या लेखी हा फोन अजूनही चाळिशीतल्या बाईचा आहे. यूट्यूब त्या वयाचे व्हिडिओ दाखवणार, प्ले स्टोअर काहीही उतरवू देणार. म्हणून पहिलं काम वेळ लावण्याचं नाही, खात्याचं आहे. फोन फॅक्टरी रीसेट करायचा आणि मुलीच्या खऱ्या जन्मतारखेने नवं खातं उघडायचं. भारतात तेरा वर्षांखालचं गूगल खातं पालकाच्या खात्याशी जोडूनच उघडता येतं, आणि ती जोडणी गूगलच्या फॅमिली लिंक या अॅपमधून होते. अनेक पालक खातं झटपट उघडावं म्हणून जन्मसाल मागे ढकलतात. तिथेच कुलपाची किल्ली मुलाच्या हाती जाते, कारण मोठ्या वयाच्या खात्यावर पालकांची देखरेख सक्तीची उरत नाही.

खातं नीट झालं की फॅमिली लिंकमध्ये वेळेच्या दोन वेगळ्या सोयी दिसतात. ‘डेली लिमिट’ म्हणजे दिवसाचा एकूण वेळ आणि ‘डाउनटाइम’ म्हणजे फोन बंद राहण्याचे तास. दोन्हींचं काम वेगळं आहे. नाशिकच्या घरात दीड तास हा पहिल्यात भरायचा आणि नऊ ते साडेसहा हे दुसऱ्यात. नऊ वाजले की पडद्यावर कुलूप येतं. आलेला फोन उचलता येतो, तातडीचा क्रमांक लावता येतो, बाकी अॅप उघडत नाहीत. फोनवर आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ किंवा नेटशिवाय चालणारा खेळसुद्धा बंद होतो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत भांडणं होतात. फॅमिली लिंकची दिवसाची मर्यादा प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र लागते. दीड तास लावला आणि मुलीकडे फोन व टॅब दोन्ही असले, तर तिला दीड अधिक दीड असे तीन तास मिळतात. मुलगी काही चोरत नाही. पालकांनीच तेवढे दिले आहेत. उपाय म्हणजे वेळ वाटून टाकणं, फोनला अर्धा तास आणि टॅबला एक. अॅपलचा हिशेब वेगळा आहे. आयफोन आणि आयपॅडवर ‘शेअर अक्रॉस डिव्हायसेस’ चालू असेल तर दोन्हींचा वापर एकत्र मोजला जातो.

दुसरा बारकावा ‘ऑलवेज अलाउड’ या यादीचा. बंद वेळेतही जी अॅप चालावीत असं वाटतं, ती इथे ठेवायची असतात. शब्दकोश, गजराचं घड्याळ, शाळेचं अॅप इथपर्यंत ठीक. पण ‘प्रोजेक्टला लागतं’ म्हणून एखाद्याने क्रोम त्यात टाकलं की सगळं वेळापत्रक कागदावरच राहतं, कारण ब्राउझरमध्ये इंटरनेटवरची जवळपास प्रत्येक गोष्ट उघडते. गृहपाठाचा व्हॉट्सअॅप ग्रुप ही तर महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक पालकाची अडचण. व्हॉट्सअॅपची स्वतःची किमान वयोमर्यादा तेरा आहे. अकरा वर्षांच्या मुलीचा ग्रुप आईच्या नंबरवर राहावा आणि गृहपाठ आईच्या फोनवरून वहीत उतरवून घ्यावा, हेच सरळ आहे. त्यात आईची दहा मिनिटं जातात, हे खरं. पण ती वाचवण्यासाठी मुलीच्या फोनवर व्हॉट्सअॅप घातलं की तिथून येणाऱ्या लिंक, चॅनेल आणि अनोळखी ग्रुप यांच्यावर वेळेची मर्यादा सोडली तर कसलाच ताबा राहत नाही.

आता मोठ्यांच्या फोनकडे वळू. मुलीच्या फोनची सगळी सूत्रं आईच्या फोनमधल्या फॅमिली लिंकमध्ये असतात, आणि आईच्या फोनचा पॅटर्न घरात सगळ्यांना पाठ असतो. अॅप उतरवायची परवानगी मागणारा निरोप आईच्या फोनवर येतो, आई स्वयंपाकघरात असते, आणि परवानगी मुलगीच देऊन टाकते. अॅपलच्या ‘स्क्रीन टाइम’मध्ये चार आकडी पासकोड असतो, तोही मुलं आईवडिलांच्या बोटांकडे पाहून ओळखतात. म्हणून पालकाच्या स्वतःच्या फोनचं कुलूप बदलणं हा या साऱ्या मांडणीचा भाग धरायला हवा. चार आकडी पासकोड गाडीचा नंबर किंवा जन्मसाल असू नये. आजीच्या फोनलाही कुलूप लागतं, नाहीतर चीनमधली पळवाट आपल्याच दिवाणखान्यात उघडी राहते.

आयफोन किंवा आयपॅड असलेल्या घरांत एक बटण हमखास राहून जातं. स्क्रीन टाइम २०१८ मध्ये आलं आणि त्यातही डाउनटाइम आहे. पण `Block at Downtime` हे बटण चालू नसेल तर वेळ झाल्यावर फक्त सूचना येते, आणि मूल ती बाजूला सारून पुढे खेळू शकतं. अॅपच्या मर्यादेसाठी `Block at End of Limit` हे वेगळं बटण आहे. पासकोड ठरवल्याशिवाय या बटणांना अर्थ नाही. ‘आम्ही मर्यादा लावली होती, पण काही उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्या पालकांनी आधी ही दोन बटणं पाहावीत.

काही घरांत, विशेषतः वडील जरा तांत्रिक असले की, फोनला हात न लावता थेट राउटरवर वेळ बांधतात. कल्पना चांगली आहे. राउटरच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर त्याच्या सेटिंगचा पत्ता असतो, बहुधा `192.168` ने सुरू होणारा. तो ब्राउझरमध्ये टाकायचा, आत ‘पॅरेंटल कंट्रोल’ किंवा ‘अॅक्सेस कंट्रोल’ शोधायचं, मुलीचा फोन निवडायचा आणि रात्री नऊ ते साडेसहा बंद करायचं. पण राउटर फोनला नावाने ओळखत नाही. तो त्याच्या बारा अक्षरी मॅक पत्त्याने ओळखतो, आणि हा पत्ता आता पूर्वीसारखा स्थिर नाही. कोणी माग काढू नये म्हणून अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता न सांगता बनवलेला पत्ता सांगतात. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन मुलीने ‘रँडमाइज्ड मॅक’ऐवजी ‘डिव्हाइस मॅक’ निवडलं, की राउटरला वाटतं घरात नवाच फोन आला. जुन्या पत्त्याला बंदी, नव्याला मोकळं रान. राउटरच्या यादीत अनोळखी उपकरण दिसू लागलं, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

यावरचा भक्कम उपाय म्हणजे एकेका पत्त्यामागे धावायचंच नाही. बऱ्याच राउटरवर दुसरं, ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करता येतं. मुलांची सगळी उपकरणं त्यावर, वेळापत्रक त्या अख्ख्या नेटवर्कला, आणि मुख्य वायफायचा पासवर्ड बदलून फक्त मोठ्यांकडे. पत्ता कितीही बदलला तरी दार तेच राहतं. राउटरचं घड्याळही एकदा तपासावं. टाइम झोन भारताचा, म्हणजे `GMT+05:30` असायला हवा. वीज जाऊन आली की काही राउटरचं घड्याळ मागे जातं आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत चुकीचंच चालतं. भारनियमन असलेल्या भागात ‘आज नऊ वाजता बंद झालंच नाही’ याचं कारण मुलाची करामत नसून गेलेली वीज असू शकते.

राउटरचं सर्वांत मोठं बंधन मात्र वेगळंच आहे. फोनमध्ये सिम असेल आणि त्यावर रोजचा दीड-दोन जीबी डेटा असेल, तर वायफाय बंद झाल्याचं मुलीला कळणारही नाही. फोन आपोआप मोबाइल डेटावर जाईल. बाहेरच्या देशांतल्या लेखांतून राउटरचा जो सल्ला दिला जातो तो आपल्याकडे लंगडा पडतो, कारण इथे डेटा स्वस्त आहे आणि बहुतेक रिचार्जमध्ये तो आपोआप येतो. पण यावर आता एक सोपा तोडगा आहे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं, आणि जानेवारी २०२५ पासून मोठ्या कंपन्यांनी ते आणले. हा नियम डेटा न वापरणाऱ्या ग्राहकांसाठी झाला. मुलांच्या फोनसाठी त्याचा फायदा फारसा कोणी बोलून दाखवत नाही. शाळेतून येताना फोन लावता येतो, क्लासला उशीर झाला तर कळवता येतं, आणि इंटरनेट फक्त घरच्या वायफायवर. त्या क्षणी राउटरचं वेळापत्रक खरोखरच वेळापत्रक होतं. शिल्लक राहतो तो मैत्रिणीचा हॉटस्पॉट. तो थांबवायला फोनमधलाच डाउनटाइम लागतो.

दोन्ही कुलपं लावली तर ती एकमेकांच्या पायात येऊ शकतात. समजा शनिवारी पाहुणे आले आहेत, सिनेमा अर्धा राहिला आहे, आणि आईने साडेनऊला फॅमिली लिंकमधून अर्धा तास वाढवून दिला. पण राउटरने नऊलाच मुलांचं वायफाय तोडलेलं आहे. मुलीच्या फोनला इंटरनेट नाही, म्हणून वाढीव वेळेचा निरोप तिथे पोहोचतच नाही. आई म्हणते दिला, मुलगी म्हणते मिळाला नाही, आणि दोघीही खरं बोलत असतात. म्हणून राउटरची वेळ फोनच्या वेळेपेक्षा तास-दीड तास उशिराची ठेवावी: फोन नऊला, वायफाय साडेदहाला. इंटरनेट नसतानाही फोन उघडावा लागला तर फॅमिली लिंकमध्ये ‘पॅरेंट अॅक्सेस कोड’ मिळतो. तो मुलीच्या फोनवर टाकायचा.

वेळेइतकाच प्रश्न मजकुराचा. फॅमिली लिंकमध्ये क्रोमसाठी अश्लील संकेतस्थळं अडवण्याची सोय आहे आणि देखरेखीतल्या खात्याला क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडत नाही. पण हे क्रोमपुरतंच. दुसरा ब्राउझर उतरवला की गाळणी गेली, म्हणून प्ले स्टोअरमधली प्रत्येक नवी गोष्ट पालकांच्या मंजुरीनेच यावी असं ठेवावं. एकदा मंजूर केलेलं अॅप मुलाने काढून पुन्हा उतरवलं तर मात्र परत विचारणा होत नाही. याच्या खाली आणखी एक थर घालता येतो. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. त्यात हा पत्ता टाकायचा:

```
family.cloudflare-dns.com
```

संकेतस्थळाचं नाव शोधून देण्याचं काम मग क्लाउडफ्लेअर कंपनीच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या कुटुंबांसाठीच्या सेवेकडे जातं, आणि ती अश्लील व घातक संकेतस्थळांचा पत्ताच सांगत नाही. हे वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर चालतं. मात्र तिला फक्त संकेतस्थळाचं नाव दिसतं, आतलं पान नाही. यूट्यूब एकतर पूर्ण उघडेल किंवा पूर्ण बंद राहील. यूट्यूबवरचा एखादा घाणेरडा व्हिडिओ वेगळा काढणं तिच्या हातात नाही. त्यासाठी यूट्यूबच्या आतच जावं लागतं: लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स, थोड्या मोठ्यांसाठी देखरेखीतलं खातं आणि त्याच्या तीन पायऱ्या. कोणतंही व्हीपीएन अॅप चालू झालं की डीएनएसचा हा थर निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून अॅपच्या यादीत ‘फ्री व्हीपीएन’ दिसलं, तर ते का उतरवलं हे मुलाला विचारायलाच हवं.

हे सगळं मूल आणि उपकरण यांची जोडी एकास एक धरून झालं. पण ग्रामीण महाराष्ट्रात आणि शहरातल्या अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. या वयात स्वतःचा फोन असलेली मुलं मात्र त्या मानाने कमी. म्हणजे बहुतेकांचा वापर मोठ्यांच्या फोनवरून, मोठ्यांच्या खात्यावरून होतो. अशा घराला फॅमिली लिंकचा उपयोग नाही, कारण वडिलांच्या फोनवर मुलाचं वेळापत्रक लावता येत नाही.

तिथे साधी, जुनी सोय कामी येते: अॅप पिन करणं. अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ती असते. मुलाला हवं ते अॅप उघडायचं, पिन करायचं आणि ‘बाहेर पडताना पिन विचारा’ हा पर्याय चालू ठेवायचा. मग मुलाला त्याच अॅपमध्ये राहावं लागतं. वडिलांचे मेसेज, फोटो आणि पैशांची अॅप सुरक्षित राहतात. वेळेसाठी यूट्यूब किड्सच्या आतच टायमर आहे. आयफोनवर हीच सोय ‘गाइडेड अॅक्सेस’ नावाने आहे आणि तिला वेळेची मर्यादाही लावता येते. अॅप बनवणाऱ्या कंपन्यांनी एकाच फोनवर राहणाऱ्या कुटुंबाचा विचार फार कमी केला आहे, आणि भारतासारख्या देशात ही उणीव त्यांनी कधीच भरून काढायला हवी होती.

सगळं लावून झाल्यावर पहिल्या रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी, मुलीसमोर, तीन वेळा तपासून पाहावं. एकदा घरच्या वायफायवर, एकदा मोबाइल डेटावर, एकदा वडिलांच्या हॉटस्पॉटवर. तिन्ही वेळी फोन बंदच राहिला तर फोनमधलं कुलूप नीट बसलं आहे. साडेदहानंतर वायफायवर बंद आणि बाकी दोन्हींवर चालू असेल, तर फक्त राउटर काम करतो आहे. पुढच्या आठवड्यांत फॅमिली लिंकमधला वापराचा तक्ता पाहत राहावं. मुलगी रोज फोन घेऊन बसलेली दिसते आणि तक्त्यात मात्र शून्य मिनिटं, असं झालं तर ती दुसऱ्या खात्यावर, दुसऱ्या उपकरणावर किंवा रीसेट केलेल्या फोनवर आहे. तपासणी मुलीला सांगून करावी. लपून लावलेलं कुलूप सापडलं की मूल ते सोडवण्याच्या मागे लागतं. सांगून लावलेल्या कुलपाची वेळ पुढेमागे करण्यासाठी ते निदान बोलायला येतं.

वयाचा प्रश्न पुढेही सुटत नाही. गूगलच्या लेखी भारतातलं मूल तेराव्या वर्षी स्वतःचं खातं सांभाळू शकतं. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवरच टाकली गेली आहे. तिथेही सगळं अडतं ते खात्यामागचं वय खरं आहे का, हे ओळखण्यापाशी. नाशिकच्या त्या घरातल्या मुलीला तेरा पूर्ण व्हायला दोनच वर्षं आहेत. तोवर रात्री नऊची वेळ शाळेच्या दिवशी तशीच राहील, शनिवारी दहा होईल, परीक्षेच्या आठवड्यात आठवर येईल, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती किती असावी यावर आई आणि मुलगी यांचं अजून एकमत झालेलं नाही.